अपलोडच्या पानावरचे तीन रकाने

यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना शीर्षक, वर्णन आणि थंबनेल यांच्याशिवाय आणखी तीन गोष्टी सांगाव्या लागतात. व्हिडिओ कोणत्या गटातला आहे, कोणत्या भाषेत आहे आणि कोणासाठी आहे. गट आणि भाषा यांचे रकाने `Show more` दाबल्याशिवाय दिसतही नाहीत, त्यामुळे बरेच जण तिथवर पोहोचतच नाहीत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सक्तीचे असते. तो व्हिडिओ लहान मुलांसाठी बनवला आहे की नाही, हे सांगितल्याशिवाय व्हिडिओ प्रसिद्ध करता येत नाही. तिन्ही रकाने एकाच पानावर असले, तरी त्यांचे वजन सारखे नाही. गट चुकला तर फारसे बिघडत नाही. भाषा चुकली तर नव्या व्हिडिओची सुरुवात अडखळते. प्रेक्षकाचा रकाना चुकला, तर व्हिडिओचे हातपायच बांधले जातात. प्रत्यक्षात मात्र अनेक जण गटाची निवड करताना डोके खाजवत बसतात आणि प्रेक्षकाच्या प्रश्नावर घाईघाईने टिचकी मारून पुढे जातात.

हे वजन कुठून येते, ते कळण्यासाठी शिफारशी कशा ठरतात ते थोडक्यात पाहावे लागते. यूट्यूब उघडल्यावर पहिल्या पानावर दिसणारे व्हिडिओ आणि एखादा व्हिडिओ चालू असताना त्याच्या शेजारी किंवा खाली सुचवलेले व्हिडिओ, अशा दोन मुख्य जागी या शिफारशी भेटतात. यूट्यूब स्टुडिओच्या आकडेवारीत पहिल्या जागेला `Browse features` आणि दुसरीला `Suggested videos` म्हणतात. गूगलमधील पॉल कव्हिंग्टन, जे अॅडम्स आणि एम्रे सार्गिन या अभियंत्यांनी २०१६ मध्ये एका शोधनिबंधात या यंत्रणेची तेव्हाची रचना उघड केली होती. तिचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात लाखो व्हिडिओंमधून त्या प्रेक्षकाला चालतील असे काहीशे निवडले जातात. दुसऱ्या टप्प्यात या काहीशे व्हिडिओंचा अधिक बारकाईने विचार करून त्यांचा क्रम लावला जातो. आणि हा क्रम लावताना, प्रेक्षक तो व्हिडिओ किती वेळ पाहील, याचा अंदाज बांधला जातो. त्यानंतरच्या वर्षांत यंत्रणा पुष्कळ बदलली आहे. २०२१ मध्ये यूट्यूबचे क्रिस्टोस गुडरो यांनी लिहिले, की ती ८० अब्जांहून अधिक संकेतांवरून शिकते. त्यांत त्यांनी नावाने सांगितलेले संकेत म्हणजे क्लिक, पाहण्याचा वेळ, प्रेक्षकांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे, शेअर करणे, लाइक आणि डिसलाइक.

हे सगळे संकेत प्रेक्षकांच्या वागण्यातून येतात. व्हिडिओ बनवणाऱ्याने रकान्यात काय भरले, याला त्यांत जागा नाही. ज्या लोकांनी अमुक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, तेच लोक आणखी काय पाहतात, यावरून यंत्रणा व्हिडिओची सोबत ठरवते. म्हणून हजारो लोकांनी पाहिलेल्या जुन्या व्हिडिओचा गट बदलला, म्हणून त्याला अचानक नवे प्रेक्षक मिळत नाहीत. त्याची ओळख आधीच पक्की झालेली असते. नव्या व्हिडिओपाशी मात्र हा इतिहास नसतो. चॅनेलचे आधीचे प्रेक्षक, शीर्षक, वर्णन, व्हिडिओतले बोलणे आणि भरलेले रकाने एवढेच त्याच्या हाती असते. सेटिंगचा जो काही उपयोग होतो, तो मुख्यतः या पहिल्या काळात. प्रेक्षकाचा रकाना मात्र याला अपवाद आहे. त्याचा परिणाम व्हिडिओ जितकी वर्षे यूट्यूबवर राहील, तितकी वर्षे टिकतो.

सर्वांत हलका रकाना गटाचा. वेबवरून व्हिडिओ चढवताना काहीच निवडले नाही, तर तो `People & Blogs` या गटात जाऊन पडतो. मराठी चॅनेलांच्या असंख्य पाककृती, शेतीसल्ले आणि शिकवण्या आज या गटात आहेत आणि त्यांतल्या कित्येक उत्तम चालतात, एवढ्यावरूनच गटाचे बळ किती ते समजावे. दुसरी अडचण अशी, की मराठी माणसाला हवे असलेले बरेच गट यादीत नाहीतच. स्वयंपाकाचा गट नाही, शेतीचा नाही, धार्मिक कार्यक्रमांचाही नाही. तेव्हा निवड करताना विषय कोणता यापेक्षा प्रेक्षक कशासाठी आला आहे, हे पाहणे बरे. पुरणपोळी कशी करायची हे बघायला आलेला माणूस कृती शिकायला आलेला असतो, म्हणून `Howto & Style`. सोयाबीनवर फवारणी केव्हा करावी हे सांगणारा व्हिडिओही तिथेच बसतो. राजगडावर चढतानाचा अनुभव दाखवायचा असेल, तर `Travel & Events`. त्याच गडाच्या बांधणीचा आणि इतिहासाचा धडा असेल, तर `Education`. कीर्तनाच्या ध्वनिचित्रफितीत अभंगगायन मुख्य असेल, तर `Music` आणि निरूपण मुख्य असेल, तर `Education` किंवा आहे तोच गट, असे ठरवता येते. यात चूक-बरोबर यापेक्षा चॅनेलभर एकसारखेपणा राखणे अधिक कामाचे.

गटाचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. `Gaming` निवडल्यावर खेळाचे नाव नोंदवता येते आणि मग त्या खेळाच्या पानाशी व्हिडिओ जोडला जातो. `Education` निवडल्यावर शिकवणाऱ्यांसाठी काही जादा रकाने उघडतात. त्यांत व्हिडिओ संकल्पना समजावणारा आहे, उदाहरण सोडवणारा आहे की प्रयोग दाखवणारा, हे सांगता येते. कोणत्या इयत्तेसाठी आहे हेही नोंदवता येते. शिकवण्याचे चॅनेल चालवणाऱ्याने म्हणूनच `People & Blogs` मध्ये राहू नये. गटाच्या शेजारी टॅगचाही रकाना असतो आणि त्यावर लोक बराच वेळ घालवतात. यूट्यूबच्या मदतपानावर स्पष्ट लिहिले आहे, की एखादा शब्द लोक वारंवार चुकीच्या स्पेलिंगने शोधत असतील तेवढ्यापुरते टॅग उपयोगी पडतात. एरवी व्हिडिओ सापडण्यात त्यांचा वाटा अगदी थोडा असतो. वीस-पंचवीस टॅग लिहिण्यात जाणारा वेळ शीर्षकावर घालवलेला बरा.

भाषेचा प्रश्न मराठीसाठी विशेष महत्त्वाचा आहे. २०१६ च्या त्या शोधनिबंधात क्रम लावणाऱ्या जाळ्याला दिल्या जाणाऱ्या माहितीची आकृती आहे. तिच्यात प्रेक्षकाची भाषा आणि व्हिडिओची भाषा या दोन्हींना स्वतंत्र जागा आहे. भाषा जुळते की नाही, हे यंत्रणेला महत्त्वाचे वाटते, हे त्यातून दिसते. कारणही उघड आहे. न समजणारा व्हिडिओ माणूस दहा-पंधरा सेकंदांत बंद करतो आणि पाहण्याच्या वेळेचा अंदाज कोसळतो.

इंग्रजी किंवा तमिळ शीर्षक वाचून भाषा ओळखणे यंत्राला सोपे जाते. मराठीची लिपी मात्र हिंदी, नेपाळी आणि कोकणी यांच्याशी सामाईक आहे. ‘गणपती सजावट २०२५’ किंवा ‘दहावी गणित महत्त्वाचे प्रश्न’ अशा शीर्षकात भाषा ओळखायला एखाददुसराच शब्द मिळतो. पहिल्यात तर तोही मिळत नाही. रोमन लिपीत लिहिलेले ‘Marathi madhe’ छापाचे शीर्षक तर आणखी गोंधळाचे. शिवाय मराठी प्रेक्षकांच्या फोनची भाषा पुष्कळदा इंग्रजीच असते, म्हणून प्रेक्षकाच्या बाजूनेही संकेत धूसर असतो. अशा वेळी रकान्यात ‘मराठी’ असे स्पष्ट सांगणे हे फुकटात मिळणारे साहाय्य आहे.

स्टुडिओत भाषेचे रकाने एकाहून अधिक आहेत आणि त्यांची गल्लत होते. `Video language` म्हणजे व्हिडिओत बोलली जाणारी भाषा. `Title and description language` म्हणजे शीर्षक आणि वर्णन ज्या भाषेत लिहिले आहे, ती भाषा. पाककृती मराठीत सांगितली आणि शीर्षक इंग्रजीत दिले, तर या दोन रकान्यांची उत्तरे वेगळी येतील आणि ती तशीच यायला हवीत. बोलताना इंग्रजी शब्द वापरले, म्हणून भाषा इंग्रजी होत नाही. ‘त्रिकोणाचा एरिया काढताना बेस आणि हाइट घ्यायची’ हे मराठी वाक्य आहे. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडीत बोलणाऱ्यांनीही मराठीच निवडणे व्यवहार्य ठरते, कारण त्यांचा बहुतांश प्रेक्षक मराठीच व्हिडिओ पाहणारा असतो. गोव्यात कोकणी आणि मराठी दोन्हींत व्हिडिओ करणाऱ्याने चॅनेलची एकच भाषा ठरवून न टाकता प्रत्येक व्हिडिओसाठी वेगळी निवड करावी.

हा रकाना चुकल्याचे ओळखण्याची एक खात्रीची जागा आहे. स्टुडिओत त्या व्हिडिओच्या `Subtitles` पानावर जाऊन यंत्राने आपोआप तयार केलेली कॅप्शन्स उघडावीत. बोलणे मराठीत असताना ओळींमध्ये अर्थहीन इंग्रजी शब्दांची माळ दिसली, तर यंत्राने मराठी बोलणे इंग्रजी समजून ऐकले आहे, हे नक्की. फोन इंग्रजीत ठेवून सुरू केलेल्या चॅनेलांवर हे वारंवार घडते. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकाला अशा कॅप्शन्सचा काही उपयोग नसतो आणि त्यांवरून होणारे भाषांतरही तितकेच निरुपयोगी. अशी कॅप्शन्स दिसली, की आधी भाषेचा रकाना दुरुस्त करावा आणि जमत असेल तर मराठी कॅप्शन्स स्वतः लिहून चढवावीत.

भाषेच्या रकान्याबद्दल एक भीती मात्र अनाठायी आहे. ‘मराठी’ निवडले, तर हिंदी भाषक प्रेक्षक तुटेल असे अनेकांना वाटते. या रकान्याने कोणाचीही वाट बंद होत नाही. इंदूर, बडोदे किंवा न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूस आणि मराठी व्हिडिओ आवडीने पाहणारा कन्नड माणूस, दोघांपर्यंतही तो जाऊ शकतो. उलट जास्त प्रेक्षकांच्या आशेने मराठी व्हिडिओवर ‘हिंदी’ लिहिणे नुकसानीचे ठरते. व्हिडिओ हिंदी प्रेक्षकांसमोर मांडला गेला तरी ते क्लिक करून लगेच निघून जातात, आणि त्या निघून जाण्यातूनच यंत्रणा शिकते, की हा व्हिडिओ लोकांना आवडत नाही. शीर्षकाचे भाषांतर जोडण्याच्या सोयीतही हाच धोका आहे. मराठी शीर्षकाला हिंदी आणि इंग्रजी भाषांतर जोडता येते आणि ज्याची जी भाषा त्याला ते शीर्षक त्या भाषेत दिसते. व्हिडिओत बोलणे फारसे नसेल, रांगोळी किंवा लाकूडकाम हातांनीच कळत असेल, तर ही सोय फार चांगली. अर्धा तास मराठीत व्याख्यान असेल आणि दुसऱ्या भाषेतला आवाज किंवा कॅप्शन्स नसतील, तर इंग्रजी शीर्षक ही प्रेक्षकाची फसवणूक होते आणि तिची किंमत पाहण्याच्या वेळेतून मोजावी लागते.

आता सर्वांत जड रकाना. अपलोडच्या पानावर ‘Is this video made for kids?’ असा प्रश्न असतो आणि `Yes, it's made for kids` किंवा `No, it's not made for kids` यांपैकी एक निवडावे लागते. हा प्रश्न यूट्यूबने हौसेने विचारलेला नाही. तेरा वर्षांखालील मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करण्यावर बंधने घालणारा कायदा अमेरिकेने १९९८ मध्ये केला. तो ‘कोपा’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. मुलांच्या चॅनेलांवर येणाऱ्यांची माहिती जमवून त्यांना जाहिराती दाखवल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल आणि यूट्यूब यांनी १७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. त्यांपैकी १३ कोटी ६० लाख डॉलर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला आणि ३ कोटी ४० लाख न्यूयॉर्क राज्याला मिळाले. त्या तडजोडीनुसार, प्रत्येक व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही, हे बनवणाऱ्यानेच सांगण्याची पद्धत आली आणि जानेवारी २०२० पासून तिच्या परिणामांची अंमलबजावणी सुरू झाली. ती जगभर लागू आहे, म्हणून वाईतल्या किंवा मडगावातल्या चॅनेललाही हे उत्तर द्यावेच लागते.

‘हो’ म्हटल्यावर यूट्यूब त्या व्हिडिओचा प्रत्येक प्रेक्षक मूल आहे असे धरून चालते, मग पाहणारा चाळीस वर्षांचा का असेना. व्यक्तीच्या आवडीनुसार दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती बंद होतात; व्हिडिओच्या विषयाला धरून असलेल्या जाहिराती तेवढ्या राहतात, त्यामुळे उत्पन्न घटते. टिप्पण्या बंद होतात. थेट प्रक्षेपणातली गप्पांची खिडकी बंद होते. शेवटी येणारे एंड स्क्रीन आणि मध्ये येणारी कार्डे जातात, म्हणजे ‘पुढचा भाग इथे पाहा’ असे दाखवायची सोय उरत नाही. नव्या व्हिडिओची सूचना जात नाही. प्रेक्षकाला तो प्लेलिस्टमध्ये किंवा ‘नंतर पाहा’ मध्ये ठेवता येत नाही. सुचवण्याच्या बाबतीत यूट्यूबने उघड सांगितले आहे, की असा व्हिडिओ मुलांच्या इतर व्हिडिओंच्या सोबत सुचवला जाण्याची शक्यता जास्त असते.

शिफारशींवरचा परिणाम असा दुहेरी आहे. एक तर सोबत बदलते. दुसरे म्हणजे प्रेक्षक परत येण्याच्या वाटाच बुजतात. सूचना, जतन करून ठेवणे, पुढच्या भागाचा दुवा, टिप्पणीला आलेले उत्तर, या सगळ्या वाटांनी माणूस चॅनेलवर परततो आणि त्या परतण्यातून त्याच्या आवडीचा इतिहास बनतो. तो इतिहासच तयार होत नाही. म्हणून ‘हो’ हे उत्तर जिथे खरे आहे तिथे द्यावेच लागते. पण जिथे खोटे आहे, तिथे दिले तर फार महाग पडते.

गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एक समजल्यामुळे. मुलांना पाहण्याजोगा व्हिडिओ, मुले दिसणारा व्हिडिओ आणि मुलांसाठी बनवलेला व्हिडिओ. पहिल्या दोन्हींसाठी ‘हो’ म्हणण्याची गरज नसते. गणपतीची आरती घरातली मुलेही ऐकतात, पण ती सर्वांसाठी असते, उत्तर ‘नाही’. आई मोदक करताना शेजारी मुलगी बसलेली दिसते, तरी कृती मोठ्यांसाठी आहे, उत्तर ‘नाही’. कार्टूनमधल्या सशाचे बालगीत, बालवाडीसाठी मुळाक्षरे, बाहुल्यांची गोष्ट यांचे उत्तर निर्विवाद ‘हो’. फेडरल ट्रेड कमिशनने सांगितलेल्या कसोट्यांत विषय, प्रत्यक्ष प्रेक्षक, मुलांना आवडणारी पात्रे आणि खेळणी, मुलांना कळेल अशी भाषा, गाणी, खेळ आणि गोष्टी यांचा एकत्रित विचार येतो. एकाच खुणेवर निर्णय होत नाही.

याच रकान्याच्या आसपास १८ वर्षांवरील प्रेक्षकांपुरता व्हिडिओ मर्यादित करण्याचा वेगळा पर्याय असतो. ‘मुलांसाठी नाही’ म्हणजे ‘मोठ्यांपुरते’ असे समजून काही नवखे तोही निवडतात. त्याने व्हिडिओ लॉग इन न केलेल्या आणि १८ वर्षांखालील प्रेक्षकांना दिसेनासा होतो, इतर संकेतस्थळांवर बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि जाहिरातीही कमी किंवा बंद होतात. इतिहासाच्या निरुपद्रवी व्याख्यानाला ही बेडी घालण्याचे काही कारण नाही.

उत्तर सोयीनुसार ‘नाही’ दिले, तरी ते टिकेलच असे नाही. मुलांचे व्हिडिओ ओळखण्यासाठी यूट्यूब स्वतःची यंत्रणाही वापरते. तिला पटले नाही, तर ती खूण स्वतः बदलते आणि तसे झाल्यावर चॅनेलचालकाला ती परस्पर उलटवता येत नाही. फक्त पुनर्विचाराची विनंती करता येते. शिवाय कायद्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते. बालगीतांच्या व्हिडिओवर उत्पन्नासाठी ‘नाही’ लिहिणे हा धोका पत्करण्यासारखा नाही, आणि मुलांच्या खासगीपणाच्या दृष्टीने ते योग्यही नाही.

हे सगळे एका उदाहरणात पाहू. समजा, सातारा जिल्ह्यातले एक शिक्षक गणिताचे चॅनेल चालवतात. त्यावर पाचवीच्या अपूर्णांकांचे धडे आहेत, नवोदय प्रवेश परीक्षेचा अर्ज कसा भरावा हे पालकांना समजावणारा व्हिडिओ आहे आणि दहावीच्या भूमितीतले पायथागोरसचे प्रमेय आहे. चॅनेल सुरू करताना ‘विद्यार्थ्यांसाठीच तर आहे’ असे म्हणून त्यांनी `Settings`, मग `Channel`, मग `Advanced settings` इथे संपूर्ण चॅनेल मुलांसाठी आहे असे लिहिले. गट निवडला नाही. फोन इंग्रजीत होता, म्हणून भाषा इंग्रजी राहिली.

परिणाम ठिकठिकाणी दिसतो. पायथागोरसच्या व्हिडिओखाली विद्यार्थ्यांना शंका विचारता येत नाही. परीक्षेच्या आधी पुन्हा पाहू म्हणून तो जतन करता येत नाही. अर्जाच्या व्हिडिओची सूचना पालकांना जात नाही आणि अर्जाची मुदत तर ठरलेली असते. स्टुडिओत `Analytics` मधल्या `Suggested videos` च्या नोंदीवर टिचकी मारली, की आपला व्हिडिओ कोणकोणत्या व्हिडिओंच्या सोबत सुचवला गेला, याची यादी उघडते. या शिक्षकांना तिथे दहावीच्या इतर शिकवण्यांऐवजी बालगीते आणि खेळण्यांचे व्हिडिओ दिसले, तर रोग कुठे आहे हे कळायला दुसरी तपासणी नको. रोगाचे निदान करण्यासाठी स्टुडिओतली ही यादी सर्वांत उपयोगी आहे आणि ती उघडून पाहणारे फार थोडे.

दुरुस्ती अशी करावी. आधी चॅनेलच्या पातळीवर ‘प्रत्येक व्हिडिओसाठी वेगळे ठरवीन’ हा पर्याय निवडावा. मग एकेक व्हिडिओ घ्यावा. पाचवीचे अपूर्णांक दहा-अकरा वर्षांच्या मुलांना त्यांच्या भाषेत शिकवले आहेत, पाहणारेही तेच आहेत. इथे ‘हो’ राहू द्यावे. अर्जाचा व्हिडिओ पालकांसाठी आहे, ‘नाही’. दहावीचे विद्यार्थी पंधरा-सोळा वर्षांचे असतात; ‘नाही’. पाचवीच्याच अपूर्णांकांवर शिक्षकांसाठी ‘हा धडा वर्गात कसा शिकवावा’ असा व्हिडिओ केला, तर विषय तोच असूनही उत्तर ‘नाही’ होईल, कारण तो ऐकणारा माणूस वेगळा आहे. त्यानंतर तिन्ही प्रकारच्या व्हिडिओंना `Education` गट द्यावा, इयत्ता नोंदवावी आणि बोलण्याची भाषा मराठी करावी. लहान मुलांचे धडे पुढे वाढणार असतील, तर त्यांच्यासाठी दुसरे चॅनेल काढणे अधिक बरे. पाचवीचे मूल आणि दहावीचा विद्यार्थी एकमेकांचे व्हिडिओ पाहत नाहीत, आणि एकाच चॅनेलवर दोन प्रकारचे प्रेक्षक असले की नवा व्हिडिओ आधी कोणापुढे ठेवावा, याचा अंदाज बांधणे कठीण जाते.

दुरुस्तीनंतर आकडे दुसऱ्याच दिवशी वर जातील, अशी अपेक्षा धरू नये. टिप्पण्या आणि जतन करण्याची सोय लगेच परत येते. सोबतीची यादी मात्र नवे प्रेक्षक जसजसे पाहत जातील तसतशी हळूहळू बदलते. स्टुडिओत शेवटच्या २८ दिवसांचा हिशेब आपोआप समोर येतो आणि तपासणीला तो कालावधी पुरेसा आहे. त्यात थंबनेल किती वेळा दिसले आणि त्यांतल्या किती जणांनी क्लिक केले, हेही कळते. यूट्यूबच्या म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचे हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते. थंबनेल १०,००० वेळा दिसले आणि ४०० जणांनी उघडले, तर ते ४ टक्के झाले. यात काळजीचे काही नाही. थंबनेल पुष्कळांना दिसते आहे, क्लिकही होते आहे, पण लोक पहिल्या अर्ध्या मिनिटात जात आहेत असे दिसले, तर भाषा किंवा शीर्षक चुकीच्या माणसाला बोलावते आहे का, हे पाहावे. थंबनेल फारसे दिसतच नसेल आणि भाषा व प्रेक्षक दोन्ही रकाने बरोबर असतील, तर दोष सेटिंगमध्ये नाही. तिथे विषय, शीर्षक आणि व्हिडिओ यांचाच विचार करावा लागतो.

पुढच्या व्हिडिओंसाठी गट आणि भाषा एकदाच ठरवून ठेवता येतात. त्यासाठी `Settings` मध्ये `Upload defaults` ही जागा आहे. तिथली निवड वेबवरून चढवलेल्या व्हिडिओंनाच लागू होते. फोनच्या अॅपवरून चढवणाऱ्याला ती आपोआप मिळत नाही आणि जुन्या व्हिडिओंनाही ती लागत नाही. जुन्यांसाठी `Content` पानावर हवे ते व्हिडिओ निवडून `Edit` मधून एकाच वेळी सगळ्यांची भाषा, गट किंवा प्रेक्षक बदलता येतो. व्ह्यूज, लाइक आणि व्हिडिओचा पत्ता त्याने बदलत नाहीत. वेळ थोडाच असेल, तर आधी प्रत्येक व्हिडिओचा प्रेक्षकाचा रकाना तपासावा, मग भाषेचा. गट सर्वांत शेवटी पाहिला तरी चालेल.